घंटागाडी आणि भरावभूमी यांच्यामधला थांबा

नेरळ स्थानकावर उतरून माथेरानला जाणाऱ्या प्रवाशांना गाडी बदलावी लागते. मुंबईहून येणारी मोठी गाडी रुंद रुळांवर येते आणि डोंगरावर चढणारी १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून जाते. रस्त्याने गेले तरी हेच घडते. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथून पुढे सामान हातगाडीवर, घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर चढते. याचे कारण सरळ आहे. मोठ्या गाडीला सपाटीवरचा लांबचा पल्ला परवडतो, तर अरुंद आणि वळणाच्या वाटेला छोटेच वाहन लागते. वाहतुकीचा प्रकार बदलतो तिथे एक थांबा तयार होतो.

आपल्या गावातील कचऱ्याचा प्रवासही असाच दोन प्रकारच्या वाटांनी होतो, मात्र उलट्या क्रमाने. आधी गल्लीबोळातून फिरणारी छोटी घंटागाडी आणि मग हमरस्त्याने दूरच्या भरावभूमीपर्यंतचा लांब पल्ला. या दोहोंच्यामध्ये जो थांबा असतो त्याला कचरा हस्तांतरण केंद्र म्हणतात. २०१६ साली केंद्र सरकारने काढलेल्या घनकचरा नियमांत त्याची व्याख्या होती. निरनिराळ्या भागांतून गोळा केलेला कचरा स्वीकारून तो झाकलेल्या वाहनांतून किंवा पेट्यांतून एकत्रितपणे प्रक्रियेच्या अथवा विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवण्याची सोय, असा तिचा आशय. इथे कचऱ्याची विल्हेवाट लागत नाही. तो फक्त वाहन बदलतो. मग त्यासाठी जागा, यंत्रे आणि माणसे यांवर खर्च कशाला करायचा, आणि शेजाऱ्यांनी त्याचा वास का सोसायचा? या लेखात आपण हे प्रश्न हिशेब मांडून तपासणार आहोत.

मुंबई आणि पुण्याचा अनुभव

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मुंबई शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींत भरून चेंबूरच्या बाजूच्या दलदलीच्या जमिनीकडे नेला जाई. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग आधी अशा वाहतुकीसाठीच वापरात होता. प्रवासी गाड्या त्यावरून १९२४ मध्ये धावू लागल्या. रस्त्यारस्त्यांवरून गोळा झालेला कचरा एका जागी आणायचा, वाघिणीत भरायचा आणि एकदमच लांब न्यायचा, हे हस्तांतरणच होते. पुढे रेल्वेची जागा मोठ्या ट्रकनी घेतली. महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा अशा ठिकाणी महानगरपालिकेने हस्तांतरण केंद्रे चालवली. दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांतील छोट्या गाडीने वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या कांजूरमार्गला स्वतः जाण्यापेक्षा वाटेत महालक्ष्मीला रिकामे होऊन परत यावे, हा त्यामागचा हेतू.

पुण्यात अशा केंद्रांना लोक सरळ ‘कचरा रॅम्प’ म्हणतात. हे नाव अगदी योग्य आहे, कारण केंद्राची मूळ युक्ती त्या चढणीतच आहे. छोटी गाडी चढण चढून वरच्या ओट्यावर जाते आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या वाहनात किंवा पेटीत कचरा ओतते. कचरा उचलण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. कोणालाही तो फावड्याने पुन्हा भरावा लागत नाही.

केंद्रात नेमके काय घडते?

आता एक लहान केंद्र डोळ्यांपुढे आणू. फाटकाशी वजनकाटा असतो. घंटागाडी भरलेली आत येताना एकदा आणि रिकामी बाहेर जाताना एकदा तोलली जाते. दोन वजनांतील फरक म्हणजे कचऱ्याचे वजन. गाडी ओट्यावर चढते आणि नसराळ्याच्या आकाराच्या मोठ्या हौदात कचरा ओतते. हौदाच्या तळाशी दाबयंत्र असते. तेलाच्या दाबावर चालणारा एक पोलादी दट्ट्या पुढे सरकतो आणि कचरा समोर जोडलेल्या बंद पोलादी पेटीत ढकलतो. दट्ट्या मागे येतो, नवा कचरा पडतो, दट्ट्या पुन्हा पुढे जातो. पेटी भरली की ती यंत्रापासून सोडवतात, तिचे तोंड बंद करतात आणि हुक असलेला ट्रक ती पेटी ओढून आपल्या पाठीवर घेतो. तिच्या जागी लगेच रिकामी पेटी लावली जाते.

दट्ट्याचा जोर ऐकून आपण चकित होतो, पण दाब किती पडतो ते पाहू. समजा दट्ट्याचा जोर ३० टन आहे आणि त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे १५,००० चौरस सेंटिमीटर आहे. ३०,००० किलो भागिले १५,००० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. मोटारीच्या टायरमध्ये हवा साधारण इतक्याच दाबाने भरलेली असते! म्हणजे हा काही प्रचंड दाब नव्हे. तरीही कचऱ्याचे आकारमान निम्म्यावर येते. कसे?

उत्तर असे, की दट्ट्या कचऱ्याला दाबतच नाही; तो कचऱ्यामधल्या हवेला बाहेर काढतो. रिकामा खोका, गोळा झालेली पिशवी, बाटली, शहाळ्याची करवंटी यांच्या आत आणि मध्ये हवाच जास्त असते. खोका चपटा व्हायला फारसा दाब लागत नाही. मात्र एकदा हवा गेली की पुढे दाब कितीही वाढवला तरी फायदा कमी कमी होत जातो. भाजीची साले, उरलेले अन्न, फळांचा चोथा यांत मुख्यतः पाणी असते आणि पाणी दाबून लहान होत नाही. ते फक्त बाहेर येते. शिवाय प्लास्टिकच्या वस्तू आणि पुठ्ठा दाब सुटताच थोडे पुन्हा फुगतात. म्हणून पेटी भरेपर्यंत दट्ट्या शेवटच्या खेपेस पुढेच धरून ठेवतात.

दाबण्याचे श्रेय किती?

या मुद्द्यापाशी थोडे थांबू, कारण इथे बऱ्याचदा गैरसमज होतो. परदेशी पुस्तकांत दाबयंत्राचे जे फायदे दिलेले असतात ते कागद, पुठ्ठा आणि वेष्टने जास्त असलेल्या कोरड्या कचऱ्याचे असतात. तिथला मोकळा कचरा घनमीटरला शंभर-दीडशे किलोच भरतो. आपल्या घरांतील मिश्र कचऱ्यात ओला भाग निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे तो मुळातच जड असतो. मोकळ्या स्थितीत त्याचे वजन घनमीटरला साडेतीनशे किलो धरायला हरकत नाही. पावसाळ्यात तो भिजला की साडेचारशे-पाचशेपर्यंत जातो.

आता १८ घनमीटरची एक पेटी घेऊ. न दाबता भरली तर तिच्यात १८ × ०.३५ म्हणजे ६.३ टन कचरा मावेल. दाबून घनमीटरला ७०० किलोपर्यंत आणला तर १२.६ टन मावेल. म्हणजे दाबण्याने क्षमता दुप्पट झाली. पण घंटागाडीत सहाशे किलो मावतात हे ध्यानात घेतले, तर ०.६ टनापासून ६.३ टनांपर्यंतची दहापट वाढ केवळ वाहन मोठे घेतल्याने झालेली आहे. त्यावर दाबण्याने आणखी दुप्पट. भिजलेल्या कचऱ्यात तर ती दीडपटच उरते.

मग आणखी जोरात दाबून पेटीत १८ टन का भरू नयेत? याला रस्ता आडवा येतो. तीन आसांच्या ट्रकला भरलेल्या स्थितीत २८.५ टनांपर्यंत वजनाची परवानगी २०१८ पासून आहे; त्याआधी ती २५ टन होती. ट्रक, त्याचे हुकाचे यंत्र आणि रिकामी पेटी यांचेच वजन चौदा-पंधरा टनांच्या आसपास जाते. उरतात तेरा-चौदा टन. म्हणजे ७०० किलो घनमीटरपर्यंत दाबल्यावर ट्रक जागेनेही भरतो आणि वजनानेही. दाबयंत्राचे खरे काम एवढेच, की ट्रक अर्धा हवेने भरून जाऊ नये. त्यापुढचा दाब वाया जातो, किंवा मग आस मोडण्यास कारण होतो.

नेरळचा हिशेब

आता एक उदाहरण पुरते सोडवून पाहू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून विद्यार्थ्यांना तेच उदाहरण करता येईल. समजा नेरळ आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या मिळून रोज १२ टन कचरा गोळा होतो. घंटागाडीत एका खेपेस ६०० किलो मावतात. म्हणजे रोज २० खेपा. भरावभूमी ४५ किलोमीटर दूर आहे असे धरू. जाऊन-येऊन ९० किलोमीटर.

केंद्र नसेल तर प्रत्येक घंटागाडी स्वतः तिथे जाईल. २० खेपा गुणिले ९० म्हणजे रोज १८०० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर धरले तर १५० लिटर डिझेल. केंद्र गावापासून ३ किलोमीटरवर असेल तर घंटागाड्यांचा केंद्रापर्यंतचा प्रवास २० × ६ म्हणजे १२० किलोमीटर आणि १० लिटर डिझेल. मोठ्या ट्रकची एकच खेप, ९० किलोमीटर. तो लिटरला ३ किलोमीटर देतो असे धरले तर ३० लिटर. एकूण ४० लिटर. रोज ११० लिटरची बचत!

पण डिझेलपेक्षाही मोठी बचत वेळेची आहे. घंटागाडी भरायला दीड तास लागतो. ९० किलोमीटरचा प्रवास, वाटेतली फाटके, भरावभूमीवरची रांग आणि रिकामे होणे मिळून साडेतीन तास. म्हणजे एका खेपेला पाच तास. आठ तासांच्या पाळीत एका गाडीची एकच खेप पुरी होते, आणि २० खेपांसाठी २० गाड्या व २० चालक लागतात. गाडी गावात दीड तास दिसते. उरलेला वेळ ती हमरस्त्यावर असते. केंद्र असेल तर दीड तास भरणे आणि अर्धा तास जाणे-येणे, असे दोन तास. आठ तासांत चार खेपा. पाच गाड्या पुरतात. वीस गाड्यांच्या जागी पाच गाड्या आणि एक ट्रक! ‘आज गाडी आलीच नाही’ अशी तक्रार ज्या गावात वारंवार ऐकू येते, तिथे चालकाला दोष देण्यापूर्वी त्याची गाडी दिवसभर कुठे असते हे विचारून पाहावे.

किती अंतरापासून परवडते?

केंद्राला खर्च येतोच, म्हणून भरावभूमी जवळ असेल तर त्याची गरज नाही. मग सीमा कुठे? समजा घंटागाडीचा चालकासह खर्च किलोमीटरला २० रुपये आहे. भरावभूमीचे अंतर एक किलोमीटरने वाढले की जाण्यायेण्याचे ४० रुपये वाढतात आणि ते ०.६ टनावर पडतात. म्हणजे टनामागे सुमारे ६७ रुपये. ट्रकचा खर्च किलोमीटरला ६० रुपये धरला तर अंतर एक किलोमीटरने वाढताच १२० रुपये वाढतात, पण ते १२ टनांवर वाटले जातात. टनामागे केवळ १० रुपये. म्हणजे दर किलोमीटरला टनामागे ५७ रुपये वाचतात. केंद्राचा स्वतःचा खर्च टनामागे ६०० रुपये असेल, तर तो भरून निघायला ६०० भागिले ५७, म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर लागेल.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर टनामागील खर्च घेतला तर दोन सरळ रेषा मिळतात. पहिली शून्यापासून निघून तीव्र चढते. दुसरी ६०० पासून निघते, पण हळूहळू चढते. त्या जिथे छेदतात तो बिंदू म्हणजे समतोल अंतर. नववी-दहावीच्या दोन चलांच्या रेषीय समीकरणांसाठी याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. आपल्या ४५ किलोमीटरच्या उदाहरणात पहिल्या रेषेवर टनामागे सुमारे ३००० रुपये येतात आणि दुसरीवर १०५०.

तुलनेसाठी अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ च्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेले उदाहरण पाहू. तिथे कचरा गोळा करणारी गाडीच ७ टनांची आणि पुढचे वाहन २१ टनांचे धरले होते. त्या हिशेबाने समतोल अंतर जाऊन-येऊन ३५ मैल, म्हणजे एका बाजूने सुमारे २८ किलोमीटर आले. आपल्याकडे ते इतके कमी का येते? कारण आपली पहिली गाडी फार छोटी आहे. तिथे दोन वाहनांचे प्रमाण तिप्पट आहे, इथे वीसपट.

वास कुठून येतो आणि कसा आवरावा?

हिशेब कितीही चांगला असला तरी ‘आमच्या शेजारी नको’ असे लोक म्हणतात ते वासामुळे, आणि त्यांचे म्हणणे खरे असते. ताज्या कचऱ्याला फारसा वास नसतो. जिवाणू त्यातील अन्नावर वाढू लागले की आधी हवेतला प्राणवायू संपतो. त्यानंतर प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते पिष्ट आणि शर्करांपासून आंबट वासाची आम्ले तयार करतात. प्रथिनांपासून अमोनिया आणि गंधकाची संयुगे तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गंधकाच्या या संयुगांची विशेषता अशी, की हवेच्या अब्जावधी कणांत त्यांचे थोडेच कण असले तरी आपल्या नाकाला कळतात. म्हणून वास थोडासा कमी करून भागत नाही.

यावरून पहिला नियम निघतो, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. कचरा शिळा होऊ द्यायचा नाही. जो आधी आला तो आधी बाहेर जावा आणि रात्री केंद्राची फरशी रिकामी असावी. नेरळच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एक दिवसाचा उशीरही जाणवतो. घरमाशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, पण अळीची माशी व्हायला आठवडाभर लागतो. फरशी आणि हौद रोज धुतले तर केंद्रात माशा येतील, पण तिथे जन्माला येणार नाहीत. एखाद्या केंद्रात भिंतीच्या कडेला अळ्या दिसल्या, तर तिथला कचरा निदान दोन दिवस हललेला नाही असे खुशाल समजावे.

दुसरा नियम काळ्या पाण्याचा. दाबल्याने जे पाणी सुटते त्याला लीचेट म्हणतात. समजा शंभर किलोमागे पाच लिटर सुटले, तर १२ टनांमागे रोज ६०० लिटर. हे थोडे वाटते, पण ताज्या लीचेटमधील सेंद्रिय घाण घरगुती सांडपाण्याच्या पन्नास ते शंभर पट असू शकते. म्हणजे ६०० लिटर लीचेट ओढ्यात सोडणे हे तीस ते साठ हजार लिटर सांडपाणी सोडण्यासारखे आहे. नेरळजवळून उल्हास नदी वाहते आणि तिच्या खालच्या अंगाला बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरे तिचे पाणी पितात. म्हणून फरशीला उतार, झाकलेली गटारे, गच्च टाकी आणि त्या टाकीतले पाणी रोज प्रक्रियेसाठी नेण्याची सोय, यांना पर्याय नाही. पेटीच्या दाराचे रबर झिजले असेल तर हेच पाणी रस्त्यावर रेघ ओढत जाते. वासाच्या अर्ध्या तक्रारी केंद्राच्या नसून या रेघेच्या असतात.

इथे पावसाचाही विचार करावा लागतो. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद फरशीवर छप्पर नसेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १५० × ०.१ म्हणजे १५ घनमीटर, अर्थात १५,००० लिटर पाणी कचऱ्यातून वाहून काळे होईल. ६०० लिटरचे काम पंचवीस पटींनी वाढले! शिवाय भिजलेल्या कचऱ्याचे वजन वाढते आणि आपण पैसे देऊन पावसाचे पाणी ४५ किलोमीटर वाहून नेतो. छपराचा खर्च वाचवणाऱ्या केंद्राला तो पावसाळ्यात असा भरावा लागतो.

तिसरा नियम हवेचा. शेड तिन्ही बाजूंनी बंद असते आणि पंखे आतली हवा ओढून घेतात. आत दाब किंचित कमी राहिल्याने दारातून हवा आत येते, बाहेर जात नाही. हे तपासायला उपकरण लागत नाही. दाराशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत वळला तर व्यवस्था चालू आहे, बाहेर वळला तर पंखे बंद आहेत. ओढलेली हवा जैवगाळणीतून सोडतात. लाकडाच्या ढलप्या आणि पिकलेले खत यांचा तो मीटरभर जाड ओलसर थर असतो. वासाची संयुगे ढलप्यांवरच्या पाण्यात विरघळतात आणि तिथले जिवाणू ती खाऊन टाकतात. आपली शेड ६ मीटर उंच धरली तर तिच्यात ९०० घनमीटर हवा आहे. ती तासाला सहा वेळा बदलायची तर सेकंदाला दीड घनमीटर हवा ओढावी लागेल. प्रत्येक हवेला थरात ४५ सेकंद मिळायला हवेत, म्हणजे १.५ × ४५ असे सुमारे ६८ घनमीटर माध्यम लागेल. मीटरभर जाड थरासाठी ६८ चौरस मीटर जागा. शेडच्या जवळजवळ निम्मी! थर सुकला तर जिवाणू मरतात आणि पाण्याने भरला तर हवाच जात नाही. त्यामुळे त्याला रोज पाणी घालणारा माणूस लागतो.

काही ठिकाणी या सर्वांऐवजी सुगंधी द्रव फवारतात. त्याने सडण्याची क्रिया थांबत नाही. दोन वास एकत्र येतात, एवढेच.

दाबण्याआधी काय करायला हवे?

आता या व्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची मर्यादा पाहू. मिश्र कचरा एकदा दाबला की मागे फिरता येत नाही. भाजीचा रस कागदात मुरतो, काच फुटून चोथ्यात मिसळते, कापड चिकट होते. जो पुठ्ठा सकाळी भंगारवाल्याने विकत घेतला असता तो संध्याकाळी कचरा झालेला असतो. फेकलेल्या मोबाइलची किंवा खेळण्याची लिथियम बॅटरी दट्ट्याखाली चेपली तर पेटीत आग लागते, आणि बंद पेटीतली आग विझवणे फार कठीण. म्हणून वर्गीकरण दट्ट्याच्या आधी, आणि शक्यतो घंटागाडीच्याही आधी, घरातच व्हायला हवे.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो? समजा १२ टनांपैकी साडेसहा टन ओला कचरा नेरळमध्येच खतासाठी ठेवला आणि अडीच टन कागद, प्लास्टिक, धातू भंगारात गेले. उरले ३ टन. रोज ट्रक पाठवला तर तो पाऊण रिकामा जाईल आणि त्याची फेरी १२ टनांइतकीच महाग पडेल. काहीच वाचणार नाही. पण हा उरलेला कचरा बराचसा कोरडा असतो. त्यातील डायपर आणि सॅनिटरी पॅड बंद पेटीत राहिले, तर ट्रक तीन दिवसांतून एकदा पाठवता येतो. ९ टन कचरा, घनमीटरला पाचशे किलोपर्यंत दाबलेला, बरोबर १८ घनमीटर पेटी भरतो. फेऱ्या एकतृतीयांश झाल्या आणि लीचेट जवळजवळ नाहीसे झाले. ओला कचरा वेगळा केल्याने वाचतो तो केवळ ट्रकचा भार नव्हे. कचऱ्याला थांबता येते, हा खरा लाभ. ओल्या कचऱ्याला घाई असते, कोरड्याला नसते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. केंद्रात एकच ट्रक असेल आणि तो बिघडला, तर १२ टन मिश्र कचरा त्या रात्री फरशीवर राहतो आणि वरचे तिन्ही नियम एकदम मोडतात. त्यामुळे निदान एक जादा रिकामी पेटी आणि दुसऱ्या ट्रकची सोय असल्याशिवाय केंद्र सुरू करू नये. मिश्र कचऱ्याच्या केंद्राला चूक माफ नसते. वर्गीकरण झालेल्या कचऱ्याच्या केंद्राला दोन दिवसांची सवड मिळते.

वर्गात करून पाहण्यासाठी

सरळ भिंतींचे तीन सारखे डबे घ्या. तिन्हीच्या तळाला खिळ्याने भोके पाडून खाली ताटली ठेवा. पहिल्यात चुरगाळलेले वर्तमानपत्राचे कागद, दुसऱ्यात भाजीची ताजी साले आणि तिसऱ्यात दोन्ही मिसळून काठोकाठ भरा. प्रत्येक डब्यातील मालाचे वजन करा. आता आत बसेल अशी लाकडी चकती ठेवून तिच्यावर एक, दोन, तीन अशा विटा रचत जा आणि प्रत्येक वेळी मालाची उंची मोजा. विटांची संख्या आणि उंची यांचा आलेख काढा. कागदाची रेषा पहिल्या विटेलाच किती खाली येते, आणि सालांची किती? शेवटी विटा काढून घ्या व उंची पुन्हा मोजा. कोणता माल जास्त फुगला? ताटलीतले पाणी मोजा. ते एका बाटलीत सैल झाकण लावून दोन दिवस ठेवा आणि मग तोंडापासून हातभर अंतरावरून वास घ्या. सर्वांत शेवटी तिसऱ्या डब्यातील कागद वेगळे करून पाहा. त्यांतील किती कागदांवर आता लिहिता येईल?

पुढचे काम शाळेबाहेरचे. आपल्या गावातील घंटागाडीच्या चालकाला तीन प्रश्न विचारा: दिवसात किती खेपा होतात, गाडी रिकामी करायला किती दूर जावे लागते, आणि एका खेपेत जाऊन-येऊन किती वेळ जातो. या तीन उत्तरांवरून वरचा सर्व हिशेब आपल्या गावासाठी मांडता येतो. समतोल अंतरापेक्षा भरावभूमी जवळ निघाली, तर आपल्या गावाला केंद्राची गरज नाही, हेही एक उत्तरच आहे.